कसंतरी म्हणजे नक्की कुठं?

“कसंतरी म्हणजे नक्की कुठं?”

शेजारच्या सीटवरून प्रश्न आला तेव्हा बस निपाणी सोडून तवंदी घाटाला लागली होती, आणि सुवर्णानं कपाळ खिडकीच्या दांडीला टेकवलं होतं. पायाशी साड्यांची रिकामी पिशवी. शेजारच्यानं आधी “बरं वाटत न्हाय काय?” असं विचारलं होतं. तिनं सवयीनं “काही नाही, कसंतरी होतंय” म्हटलं होतं. तेवढ्यावर कुठलाही सभ्य माणूस गप्प बसला असता. हा बसला नाही.

“म्हणजे मळमळत असंल तर पिशवी काढतो,” तो म्हणाला. “चक्कर असंल तर खिडकी उघडतो. कसंतरी असलं की काय करायचं, ते कॉलेजात शिकवलं न्हाय आम्हाला.”

तो फिजिओथेरपिस्ट होता. सिद्धेश. गाव हिंडलगा, घरची शेती, पण आठवड्यातून दोनदा निपाणीच्या एका दवाखान्यात जायचा आणि संध्याकाळी बेळगावला वडगावात स्वतःचा छोटा दवाखाना उघडायचा. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं, आणि वर म्हणाला की दिवसभर माणसं येतात आणि हाच एक शब्द टेबलावर ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

“बोट ठेवा की. कुठं होतंय तिथं.”

सुवर्णाला हसू येणार होतं. पण बोट आपणहून वर गेलं आणि कानाच्या पाळीवर थांबलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

“दुखतंय?”

“नाही... गरम झालेत. तव्यावरची भाकरी उलटताना बोटं होतात तसे.”

“कधीपासनं?”

“घाट लागल्या... नाही.” ती थांबली. “बस सुटायच्या आधीपासून.”

“तेव्हा समोर काय झालं?”

तेव्हा समोर मनुबाई चढली होती. तीन सीट पुढं तिचा अंबाडा आता घाटाच्या वळणांवर हलत होता. चढताना तिनं सुवर्णाला पाहिलं, आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर मुद्दाम पिशवी ठेवली, आणि पलीकडच्या बाईला हळू आवाजात, पण नीट ऐकू जाईल असं सांगितलं होतं... हीच ती.

सुवर्णानं यातलं काही सांगितलं नाही. ओढणी कानांवर ओढून घेतली. “घाट संपला की बरं वाटेल,” एवढंच म्हणाली.

मनुबाई परत एकदा मागं वळली. सिद्धेशनं तिच्याकडं पाहिलं, सुवर्णाकडं पाहिलं, आणि खिशातून आलेपाकाची वडी काढून पुढं केली. मग जरासा पुढं सरकून असा बसला की त्याचा खांदा बरोबर मधे आला. बेळगाव येईपर्यंत सुवर्णाला तो अंबाडा दिसला नाही.

मनुबाई आदर्शची मावशी. आणि आदर्श म्हणजे ज्याच्याशी सुवर्णाचा साखरपुडा झाला होता. निपाणीचं घर, तंबाखूची वखार, मुलगा देखणा, व्यसन नाही, आवाज चढवून बोलणं नाही. सगळं जमलं होतं. आणि पत्रिका छापायला द्यायच्या आठवड्यात सुवर्णानं अंगठी काढून आईसमोर ठेवली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “मला कसंतरी होतंय.”

आईनं विचारलं, आप्पांनी विचारलं, रडून विचारलं, रागावून विचारलं. त्या शब्दाच्या पुढं तिला जाता येईना. मारुतीराव, म्हणजे तिचे आप्पा, अंगठी आणि साड्या परत द्यायला एकटे निपाणीला गेले. तिथं त्यांना विचारलं गेलं, आमच्या पोरात खोट काय ते तरी सांगा. त्यांच्याजवळ सांगायला काही नव्हतं. चारचौघांत ते खाली मान घालून बसले आणि तसेच उठून आले. तेव्हापासून निपाणीच्या दुकानांत घरच्या यंत्रमागावरच्या साड्या पोचवायचं काम सुवर्णाकडं आलं. आप्पांनी त्या गावाचं नाव काढणं सोडलं. वडगावच्या गल्लीत बायका नळावर तिला थट्टेनं विचारायच्या, “काय गं, आज बरं हाय न्हवं? कसंतरी न्हाय न्हवं?” ती हसायची. घरी येऊन मागाच्या खडखडाटात बसायची, तिथं कुणाला काही ऐकू जात नाही म्हणून.

आप्पांचा उजवा खांदा धरला तेव्हा वडगावात एक नवा दवाखाना झालाय, हे तिनं घरी असं सांगितलं की जणू कुणाकडून तरी कानावर आलं होतं.

आप्पा टेबलासमोर बसले. सिद्धेशनं काय होतंय विचारलं. आप्पा म्हणाले, “कसंतरी हुतंय.”

सिद्धेशनं सावकाश मान वळवून सुवर्णाकडं पाहिलं. “घराण्यातलंच दुखणं हाय म्हणा.”

तिची मान खाली गेली. पण ओठ दाबूनही हसू फुटलंच.

मग त्यानं आप्पांना हात बाजूनं वर न्यायला सांगितला. कुठं लागतंय? सुरुवातीला नाही. मधे लागतंय. आणि पार वर गेल्यावर? सुटतंय. कशासारखं लागतंय? आप्पा विचारात पडले. चाळीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. हात तसाच अधांतरी धरून ते म्हणाले, “मागावरचा धोटा अर्ध्या वाटंत अडकतो बघा... न्हाय तिकडं जात, न्हाय इकडं येत. जरा जोर लावला की सुटतो. तसं.”

“झालं की आप्पा. निम्मं काम तुम्हीच केलं,” सिद्धेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरीच खुशी होती.

व्यायाम लिहून दिले. सुवर्णाला वेगळं काम दिलं. रोज संध्याकाळी आप्पांना विचारायचं आणि फोनवर कळवायचं. कुठं, कशासारखं, कधी, आणि तेव्हा काय चाललं होतं. ‘त्रास झाला’, ‘बरं नव्हतं’ असले शब्द चालणार नाहीत. ते पोत्यासारखे असतात, आत काहीही भरता येतं. समोर बसलेल्याला डोळ्यांनी दिसेल किंवा दुखणाऱ्याला बोट ठेवता येईल, तेवढंच. आणि कारण आधी ठरवायचं नाही.

“का?” तिनं विचारलं.

“कारण ठरलं की माणूस त्याला शोभंल तेवढंच सांगतोय. बाकीचं गाळतोय. आधी चार-पाच प्रसंग गोळा होऊ द्या. त्यात काय परत परत येतंय ते बघायचं. कारण मागनं चालत येतं.”

मग रोज संध्याकाळी फोन. आज पंचा खांद्यावर टाकताना मधल्या पट्ट्यात अडकलं. आज डाव्या कुशीवर झोपले तेव्हा काही नाही, उजव्या कुशीवर दंडापर्यंत मुंग्या. सुवर्णा सांगायची, तो नोंद करायचा, आणि नोंद झाल्यावर फोन ठेवायचं कुणालाच सुचायचं नाही.

“आणि आप्पांच्या लेकीला काय होतंय?” एकदा त्यानं विचारलं.

“तिला काही नाही होत.”

“काही नाही... हे नक्की कुठं होतंय?”

“तुम्हाला फी दिल्याशिवाय नाही सांगणार.”

“लेकीला फी माफ हाय.”

तिनं फोन ठेवला. मागाजवळ उभं राहून आप्पा तिच्याकडं बघत होते, म्हणून तिनं उगाच विस्कटलेल्या सुताच्या कांड्या परत विस्कटल्या.

आप्पांचा खांदा सुटला. शेवटच्या दिवशी आप्पा पुढं घरी गेले, आणि सिद्धेश दवाखान्याच्या पायऱ्या उतरून सुवर्णाबरोबर कोपऱ्यावरच्या रसाच्या गाड्यापर्यंत आला. संध्याकाळची गर्दी होती. दोन ग्लास रस. त्यानं आपला ग्लास हातात धरला आणि प्यायलाच नाही.

“आता फोन करायला निमित्त न्हाय,” तो म्हणाला. मग ग्लासातल्या फेसाकडं बघत... “मी आईला घेऊन तुमच्या घरी आलो तर... म्हणजे आप्पांचा खांदा बघायला न्हाय. तुमच्यासाठी. आलो तर चालंल?”

सुवर्णाचे कान पेटले. गाड्यावरच्या दोघी बायका वळून बघत होत्या. त्यातली एक नळावरची. सुवर्णाचे ओठ हलले, आणि इतक्या दिवसांत पाठ झालेलं वाक्य बाहेर पडलं.

“मला... कसंतरी होतंय.”

बोलली आणि तिला कळलं, काय बोलली.

वडगावात दवाखाना चालवणाऱ्या माणसाला त्या शब्दाची गोष्ट माहीत नसणं शक्य नव्हतं. सिद्धेशनं ग्लास गाड्यावर ठेवला. चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त मान डोलावली. “बरं,” म्हणाला. “काही वाटून घेऊ नका, मॅडम.”

मॅडम. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्यानंतरच्या दिवसांत सुवर्णाची नवी लाज जुन्या लाजेवर चढून बसली. फोन हातात घ्यायची, ठेवायची. काय सांगणार? तसं नव्हतं असं? मग कसं होतं? तिला खरी भीती वेगळीच होती. आदर्शच्या वेळी जे झालं तेच आता होत असलं तर? चांगला माणूस समोर आला की आपल्या जिवाला कसंतरीच होतं, असा आपल्यात काही दोष असला तर? मग गप्प बसलेलंच बरं. आणखी एका घराला मान खाली घालायला कशाला लावा.

एका दुपारी वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले की वडगावात जी शांतता पसरते, ती फार मोठी असते. आई आत आडवी झाली होती. आप्पा पलीकडं मागाचा सुटलेला धागा जोडत होते. सुवर्णा कांड्या भरत बसली होती. आणि कंटाळून, जवळजवळ स्वतःवर चिडून, तिनं स्वतःला त्याच्यासारखं विचारलं, कुठं?

आधी आदर्श. पहिलं वाक्य मनात आलं, ‘त्याच्याबरोबर माझा जीव घुसमटायचा.’ ते तिनं लगेच सोडून दिलं. ते मालिकेतल्या बाईचं वाक्य होतं. घुसमटायचा म्हणजे काय व्हायचं? बोट कुठं ठेवशील? बोट गळ्यावर गेलं. गळ्याच्या खालच्या खळग्यात. कशासारखं? कांडीवरच्या सुतात गाठ आली की बोटाला लागते तसं. आणि जीभ टाळ्याला चिकटलेली. कधी?

निपाणीचं कापडाचं दुकान. शालू बघायला गेलो होतो. दुकानदारानं मला विचारलं, ताई, कुठला रंग? मी तोंड उघडलं, आणि आदर्श म्हणाला, “तिला मोरपंखीच आवडतो.” मी उघडलेलं तोंड मिटलं. चपलेत पायाची बोटं आवळली.

आणखी एक. हॉटेलात वेटरनं विचारलं. तो म्हणाला, “ही डोसाच खाती.” बोटं आवळली.

आणखी. त्याच्या घरी कुणीतरी विचारलं, लग्नानंतर ही मागावरचं काम चालू ठेवणार का? तो हसून म्हणाला, “तिला आता आरामच पाहिजे.” गळ्यात गाठ. बोटं आवळलेली. पाय दाराकडं वळलेले.

सुवर्णाचे हात थांबले. तो वाईट बोलला नव्हता. एकदाही नाही. फक्त प्रत्येक वेळी माझं वाक्य मी बोलायच्या आधी त्यानं बोलून टाकलं होतं. म्हणून तर, नको म्हणायची वेळ आली तेव्हाही माझ्याजवळ वाक्य नव्हतं.

हे मनात नीट उमटलं आणि छातीतून एक लांब श्वास आपणहून बाहेर पडला. खांदे खाली आले. ते वर चढलेले होते, हे तिला तोवर माहीतही नव्हतं.

आता दुसरं. तिला धाकधूक होती. ‘त्याच्याजवळ मला छान वाटतं.’ हेही पोतंच. कुठं? बरगड्यांच्या खाली. वीज आली की माग पहिल्यांदा हिसका देतो, तसा एक हिसका. तळहाताला घाम. आणि पाय? पायाची बोटं... तिनं डोळे मिटून दवाखान्याची खोली समोर आणली. बोटं मोकळी होती. ती टेबलाकडं झुकून बसली होती. फोनवर तिचा आवाज मोठा झालेला असायचा, आई दोनदा ओरडली होती त्यावरून. बसमध्ये त्यानं विचारलं, आणि ती ‘घाट लागल्या... नाही’ म्हणून अडखळली, तेव्हा तो थांबला होता. पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नव्हतं. गळा? गळ्यात काही नव्हतं. एकदाही.

मग रसाच्या गाड्यावर काय झालं होतं?

कान. तिथं कान होते. मनुबाईसमोर कान, नळावर कान, निपाणीच्या प्रत्येक दुकानात कान. कान पेटत ते आदर्शमुळं नव्हे आणि सिद्धेशमुळंही नव्हे. बघणाऱ्यांमुळं. त्या बायका बघत होत्या म्हणून ते आधी पेटले, आणि तिनं तेवढंच ऐकून निकाल देऊन टाकला होता. बरगड्यांखाली हिसका बसला होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तीन वेगळी दुखणी, आणि तिन्हींना तिनं एकच नाव दिलं होतं. सुवर्णाला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिनं ओंजळीत तोंड लपवलं.

मग उठली आणि आप्पांजवळ जाऊन बसली. आधी हे. जे कितीतरी आधी द्यायला हवं होतं ते.

“आप्पा, निपाणीचं सांगायचं होतं.”

आप्पांचा धागा जोडणारा हात थांबला नाही, पण हळू झाला. तिनं दुकान सांगितलं, डोसा सांगितला, आराम सांगितला. गळ्यातली गाठ आणि चपलेतली बोटं सांगितली. आदर्श वाईट नव्हता हेही सांगितलं. सांगताना कान जळत होते, तरी ती थांबली नाही.

आप्पांनी धागा दातानं तोडला. म्हणाले, “त्या दिवशी मला पोराला नावं ठेवायची नव्हती गं. लेकीलाही ठेवायची नव्हती. म्हणून गप्प बसलो. लोकांना वाटलं, बापच कायतरी लपवायलाय.”

“माझ्याजवळ एवढं वाक्य नव्हतं आप्पा तेव्हा.”

“व्हय. हे असतं तर ताठ मानेनं सांगितलं असतं. माझी लेक स्वतःचं बोलती, म्हणून जमणार न्हाय.” त्यांनी नाक ओढलं आणि मागाच्या लाकडावरची नसलेली धूळ पुसली. “अन् त्या डॉक्टराला काय बोलून आलीस? चार दिवस झालं, रस्त्यात मला बघून खाली बघून जातोय.”

सुवर्णानं मान खाली घातली. तेवढ्यानं आप्पांना सगळं कळलं. त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला, आणि तिच्याकडं न बघता फोनवर कण्हत म्हणाले की खांद्यानं परत दगा दिलाय, हात उचलत न्हाय, जरा घरी येऊन जावा.

फोन ठेवून त्याच हातानं त्यांनी वरच्या फळीवरचा डबा काढला आणि आत चहा टाकायला गेले.

सिद्धेश आला तेव्हा वीज यायची होती. दारात सुवर्णाला बघून थबकला. आप्पा कुठायत विचारलं. आत आहेत, चहा करतायत, असं तिनं सांगितलं. कुठल्या हातानं, त्यानं विचारलं. दोन्ही, ती म्हणाली.

त्याला हसायचं होतं की परत फिरायचं होतं, ते त्याचं त्यालाही कळत नसावं. ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली. तो उभाच राहिला. गल्ली चिडीचूप. समोरच्या दारात कुणी तांदूळ निवडत बसलं होतं, पलीकडं कुणी पोराला झोपवत होतं. सुवर्णाचा आवाज अगदी बारीक झाला.

“त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं.”

तो पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. त्याचं ते वाट बघणंच तिला धीर देऊन गेलं.

“कान गरम झाले होते. ते त्या बायकांमुळं. लोक बघतात तेव्हा होतात ते, तुमचा काही संबंध नाही त्याच्याशी. लाज आहे ती. जुनी आहे.” ती आपल्या पावलांकडं बघत होती. “पण इथं, बरगड्यांच्या खाली... तुम्ही ‘आईला घेऊन येऊ का’ म्हणाला तेव्हा हिसका बसला. माग सुरू होतो तसा. हाताला घाम आला, ग्लास निसटत होता. आणि मी निघाले नाही. तुम्ही निघून गेलात, मी गाड्यावर तशीच उभी राहिले. रस संपला तरी. आधीच्या वेळी माझे पाय दाराकडं वळायचे. तुमच्या वेळी नाही वळत. हे मी बघून ठेवलंय... एकदा नाही, सगळ्या वेळी.”

एवढं बोलून तिचा दम संपला.

सिद्धेश कट्ट्यावर बसला. मधे हातभर जागा सोडून, पण बसला. डोळे भरून आलेत हे कळू नये म्हणून तो समोरच्या तांदळाकडं फार मन लावून बघत होता.

“मला वाटलं, मीही तसलाच निघालो,” तो म्हणाला. “चार दिवस मी काय चुकलं तेच शोधत होतो.”

“कारण आधी ठरवायचं नसतं ना?”

“दुसऱ्याला सांगायला सोपं असतंय ते.” मग हळूच, कुणी ऐकू नये असं, “मग... रविवारी आईला घेऊन येऊ?”

तिनं उत्तराला तोंड उघडलं, आणि नेमकी तेव्हाच वीज आली. गल्लीतले सगळे माग एकदम धडधडले. तिचे ओठ हलले. त्यानं कानामागं हात धरला. तिनं परत सांगितलं. त्यानं मान हलवली, ऐकू येत न्हाय. ती पुढं झुकली, छातीत हवा भरली, आणि वडगावच्या सगळ्या मागांवरून आवाज नेत ओरडली...

तेवढ्यात वीज परत गेली.

“या! रविवारी या! मला तुम्ही पाहिजे!”

शेवटचे तीन शब्द मोकळ्या, स्वच्छ शांततेत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. तांदूळ निवडणारा हात थांबला. पोर जागं होऊन रडायला लागलं. वरच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली.

सुवर्णा लाजेनं लालबुंद झाली, पायाच्या नखापर्यंत. पण पळाली नाही. तिथंच बसून राहिली, आणि सिद्धेशनं मधली हातभर जागा सरकून संपवली.

आतून आप्पांचा आवाज आला. चहा किती कप टाकू गं, अख्ख्या गल्लीला आमंत्रण गेलंय.